हाताची मुभा आणि तिच्या मर्यादा

फुटबॉलच्या नियमावलीत गोलरक्षकाचा स्वतंत्र उल्लेख १८७१ साली प्रथम आला आणि तेव्हापासून संघातील इतर दहा खेळाडूंना निषिद्ध असलेली गोष्ट, म्हणजे चेंडू हाताने हाताळणे, या एकाच खेळाडूला करता येऊ लागली. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत गोलरक्षकाविषयी जे नियम झाले, ते बहुतांशी या मुभेला आवर घालणारेच आहेत. चेंडू कोठे असताना, तो कोणाकडून आला असताना आणि कोणत्या क्षणापर्यंत ही मुभा चालते, हे ठरवीत नियमकर्ते एकेक पाऊल पुढे गेले आणि त्यांचे प्रत्येक पाऊल कोणा ना कोणा गोलरक्षकाने किंवा संघाने आधीच्या नियमातील फट शोधल्यानंतरच पडले.

पहिली फट जागेची होती. विसाव्या शतकाच्या आरंभी गोलरक्षकाला स्वतःच्या अर्ध्या मैदानात कोठेही चेंडू हाताळता येई. स्टोक आणि सदरलँड या संघांकडून खेळलेला वेल्सचा गोलरक्षक ली रिचमंड रूस चेंडू आपटत थेट मध्यरेषेपर्यंत नेई आणि तेथून आक्रमण सुरू करून देई. १९१२ साली ही मुभा पेनल्टी क्षेत्रापुरती, म्हणजे गोलपुढच्या १६.५ मीटर खोलीच्या आयतापुरती मर्यादित झाली. आजही या सीमेवर निर्णय देताना पंच गोलरक्षकाचे पाय नव्हे, तर हात आणि चेंडू यांचा स्पर्श कोठे झाला ते पाहतात. क्षेत्राची रेषा क्षेत्राचाच भाग असल्यामुळे चेंडूचा काही भाग रेषेच्या वर असेतोवर गोलरक्षकाचे शरीर बाहेर असले तरी गुन्हा होत नाही. उलट पाय आत रोवून पूर्णपणे बाहेर गेलेला चेंडू धरला, तर तो होतो. क्षेत्राबाहेर गोलरक्षक इतर खेळाडूंसारखाच असतो. तेथे त्याचा हात लागल्यास प्रतिस्पर्ध्याला प्रत्यक्ष फ्री किक, म्हणजे थेट गोल करता येणारा फटका मिळतो आणि गोलची स्पष्ट संधी हिरावली गेली असेल तर त्याला लाल कार्डही दाखवले जाते. १९९४च्या विश्वचषकात नॉर्वेविरुद्ध इटलीचा जानलुका पाल्युका असाच पुढे धावून येऊन क्षेत्राबाहेर चेंडू हाताने अडवून बसला आणि विश्वचषकात बाहेर काढला गेलेला पहिला गोलरक्षक ठरला. बदली गोलरक्षकाला जागा करून देण्यासाठी प्रशिक्षक आरिगो साक्की यांनी चक्क रोबेर्तो बाज्जोला मैदानाबाहेर बोलावले. तरीही दहा खेळाडूंच्या इटलीने तो सामना १-० असा जिंकला.

दुसरी फट अधिक खोल होती, कारण ती वेळेची होती. बचावपटूने चेंडू मागे द्यावा, गोलरक्षकाने तो उचलावा, पुन्हा त्याच बचावपटूकडे लोटावा आणि आघाडीवर असलेल्या संघाने उरलेला सामना असाच रेटावा, याला १९९०च्या इटलीतील विश्वचषकात ऊत आला. १९९२ची युरोपीय स्पर्धा डेन्मार्कने जिंकली, तेव्हा अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्ध पीटर श्मायकेलनेही सहकाऱ्यांनी मागे दिलेले चेंडू जुन्या सवयीने पुनःपुन्हा उचलले होते. त्यानंतर काही आठवड्यांतच नवा नियम लागू झाला आणि बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये त्याची अंमलबजावणी झाली. सहकाऱ्याने पायाने हेतुपुरस्सर मारलेला चेंडू गोलरक्षकाला हाताने घेता येणार नाही, एवढाच तो नियम आहे. १९९७मध्ये त्यात सहकाऱ्याच्या थ्रो-इनचीही भर पडली.

या नियमात ‘पायाने’ आणि ‘हेतुपुरस्सर’ या दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. बचावपटूने डोक्याने, छातीने किंवा गुडघ्याने दिलेला चेंडू उचलता येतो, तसाच त्याच्या पायाला चुकून लागून मागे गेलेलाही उचलता येतो. मात्र पायाशी असलेला चेंडू मुद्दाम उडवून, नियम चुकवण्याच्या हेतूने डोक्याने मागे देणाऱ्याला पिवळे कार्ड मिळते, मग गोलरक्षकाने तो हातात घेतलेला असो वा नसो. गोलरक्षकाने नियम मोडला तर शिक्षा होते अप्रत्यक्ष फ्री किकची, म्हणजे चेंडू आणखी एखाद्या खेळाडूला लागल्याशिवाय गोल धरला जात नाही. गोलरक्षकाला कार्ड दाखवले जात नाही, म्हणून ही शिक्षा सौम्य वाटते. पण फटका गोलपासून हाकेच्या अंतरावरून घेतला जातो आणि तिथेच तिची खरी धार आहे.

१७ फेब्रुवारी २०१० रोजी चॅम्पियन्स लीगमध्ये पोर्तोच्या मैदानावर आर्सेनलला ती धार जाणवली. १-१ अशी बरोबरी असताना सोल कॅम्पबेलच्या पायाला लागून मागे आलेला चेंडू गोलरक्षक लुकाश फाबियान्स्कीने उचलला आणि पंच मार्टिन हॅन्सन यांनी अप्रत्यक्ष फ्री किक दिली. अशा वेळी संपूर्ण संघ गोलरेषेवर उभा राहून भिंत करू शकतो, कारण ९.१५ मीटर दूर राहण्याच्या नियमातून खांबांमधील गोलरेषेवर उभ्या खेळाडूंना सूट आहे. परंतु फाबियान्स्कीने चेंडू पंचांच्या हाती दिला आणि आर्सेनलचे खेळाडू जागा घेण्यापूर्वीच रूबेन मिकाएलने तो फाल्काओकडे सरकवला, त्याने मोकळ्या गोलमध्ये लोटला आणि पोर्तो २-१ असा जिंकला. कॅम्पबेलचा स्पर्श हेतुपुरस्सर होता का, यावर वाद झाला. फटका झटपट घेऊ दिल्याबद्दलही तक्रार झाली, परंतु बाधित संघाला फ्री किक लगेच घेण्याचा हक्क आहे आणि प्रतिस्पर्धी सावरेपर्यंत थांबण्याचे बंधन नाही. नियमभंग करणाऱ्यालाच विलंबाचा लाभ मिळाला असता, तर नियमाचा उद्देशच फसला असता, म्हणून हा निर्णय योग्यच म्हणावा लागतो.

पेनल्टीच्या वेळी प्रश्न हाताचा नसून पायाचा असतो. १८९१ साली पेनल्टी नियमात आली, तेव्हा गोलरक्षकाला सहा यार्ड पुढे येता येई. १९०५मध्ये त्याला गोलरेषेवर खिळवण्यात आले, १९२९मध्ये पाय हलवण्यासही बंदी झाली आणि १९९७मध्ये रेषेवरच्या रेषेवर सरकण्याची परवानगी मिळाली. एका पावलाचे एवढे महत्त्व का, हे भूमिती सांगते. पेनल्टीचा बिंदू गोलपासून ११ मीटरवर असतो आणि गोलची रुंदी ७.३२ मीटर असते. गोलरक्षक एक मीटर पुढे आला, तर त्याला झाकावी लागणारी रुंदी सुमारे ६.६५ मीटर उरते, म्हणजे प्रत्येक बाजूला जवळजवळ एक तृतीयांश मीटर वाचतो. ताशी शंभर किलोमीटर वेगाचा चेंडू सुमारे ०.४ सेकंदात गोलपर्यंत पोहोचत असताना हा फायदा थोडका नाही.

हे पाऊल पंचांना नुसत्या डोळ्यांनी टिपणे अवघड असल्याने नियम दीर्घकाळ बराचसा कागदावरच राहिला. २०१९मध्ये त्याची शब्दरचना बदलून फटका मारताना गोलरक्षकाचे निदान एक पाऊल रेषेवर किंवा रेषेच्या वर हवेत असावे, असे ठरले आणि त्याच उन्हाळ्यात फ्रान्समधील महिला विश्वचषकात व्हिडिओ साहाय्यक पंचांच्या कॅमेऱ्यांनी त्याची काटेकोर तपासणी सुरू केली. स्कॉटलंडने अर्जेंटिनाविरुद्ध ३-० अशी आघाडी घेतली होती. ती ३-२ झाली असताना शेवटच्या मिनिटांत फ्लोरेन्सिया बोनसेगुंदोची पेनल्टी ली अलेक्झांडरने अडवली. परंतु तिचे पाऊल आधीच रेषेपुढे गेल्याचे कॅमेऱ्याने दाखवले, अलेक्झांडरला पिवळे कार्ड मिळाले, पेनल्टी पुन्हा घेतली गेली आणि बरोबरीमुळे स्कॉटलंडचे आव्हान संपले. पेनल्टी शूटआउटमध्ये अशी दोन पिवळी कार्डे मिळून गोलरक्षकच बाहेर जाण्याचा धोका लक्षात आल्याने स्पर्धा चालू असतानाच तेथील कार्डे स्थगित करण्यात आली आणि २०२०पासून पहिल्या चुकीला केवळ ताकीद देण्याची तरतूद आली. २०२२मध्ये पाऊल रेषेच्या मागे असले तरी चालेल, अशी भर पडली, कारण मागून धाव घेऊन झेपावणाऱ्याला गुन्हेगार ठरवण्यात काहीच अर्थ नव्हता.

मात्र गोलरक्षक पुढे आला म्हणून फटका नेहमीच पुन्हा घेतला जातो असे नाही. त्याने चेंडू अडवला तर तो पुन्हा घेतला जातो. चेंडू बाहेर गेला किंवा खांबाला लागून परतला, तर गोलरक्षकाच्या हालचालीचा फटका मारणाऱ्यावर स्पष्ट परिणाम झाला होता, अशी पंचांची खात्री पटली तरच दुसरी संधी मिळते.