999 ची खरेदी, 849 चं बिल!

राखीच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या गिफ्ट शॉपचा मेसेज येतो: ‘999 रुपयांच्या खरेदीवर 15% सूट’. ओळ एवढीशी, पण हिशेब गमतीचा आहे. 999 चं बिल झालं तर द्यायचे साधारण 849. आणि 900 चं झालं तर पूर्ण 900! म्हणजे जो 850 ते 998 च्या मध्ये थांबला, तो 999 ची खरेदी करणाऱ्यापेक्षा जास्त पैसे मोजतो. ‘ताई, अजून एक मग घ्या, बिल कमी होईल,’ असं म्हणणारा दुकानदार तेव्हा अगदी खरं बोलत असतो.

‘जास्तीत जास्त 200 रुपये सूट’ ही अट जोडली, की आकडे पुन्हा फिरतात. 2,000 च्या खरेदीवर 15% म्हणजे 300, पण मिळतात 200. तिथे सूट 10 टक्क्यांवर आली! ही अट मेसेजमध्ये नसेल आणि काउंटरवर कळली, तर गिऱ्हाईक चिडणारच.

खरं भांडण मात्र राख्यांवरून होतं. बिल 1,040 चं, त्यात 90 च्या राख्या, आणि राख्यांवर ऑफर नाही. उरले 950. सूट गेली! ‘राख्या सोडून 999’ एवढे तीन शब्द आधी लिहिले असते, तर ही वेळच आली नसती.

‘20% आणि वर 10%’ म्हणजे 30% नव्हे, 28%. दुसरी सूट उरलेल्या 80 टक्क्यांवर बसते.

कायद्यातही एक छान गोष्ट आहे. फसव्या जाहिरातींविरुद्धच्या 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार जाहिरातीतला दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत अटी द्यायच्या. मराठी ऑफरखाली इंग्रजीतलं ‘टर्म्स अप्लाय’ चिकटवून भागत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपची स्वतःची अट वेगळीच. ब्रॉडकास्टच्या एका यादीत 256 जण बसतात, पण ज्यांनी दुकानाचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. शिवाय लांबलचक मेसेजचा शेवट ‘आणखी वाचा’मागे दडतो. म्हणून अटी वरच हव्यात, शुभेच्छा खाली. तारखेत सालही लिहावं, कारण फॉरवर्ड झालेला मेसेज पुढच्या राखीलाही फिरत राहतो.

असा मेसेज चालेल:

```
*राखी ऑफर: 15% सूट*
21 ते 27 ऑगस्ट 2026, रात्री 9 पर्यंत
राख्या व चॉकलेट सोडून 999 किंवा जास्त खरेदीवर
सूट छापील किमतीवर, एका बिलाला जास्तीत जास्त 200 रुपये
दुसऱ्या ऑफरसोबत नाही
```

दुकानदारांनो, पाठवण्याआधी हा मेसेज घरातल्या एकाला वाचायला द्या आणि 90 च्या राख्या धरून झालेल्या 1,040 च्या बिलावर किती सूट मिळेल ते विचारा. उत्तर अडखळलं, तर अट पुन्हा लिहा.