पाच वेळा छापा आला, मग आता काटा येणार का?

आज एका नाण्याची गोष्ट सांगतो. इंदूरला मामांच्या घरी दिवाळीत पत्ते आणि नाणेफेक चालायची. एकदा ओळीने पाच वेळा छापा पडला. तोवर नुसते बघत बसलेले मामा पुढे सरकले आणि म्हणाले, "आता काटा आलाच पाहिजे, शंभर रुपये लावतो." छापा आला. त्यांनी दोनशे लावले, पुन्हा छापा. मग चारशे, आणि आठव्यांदाही छापाच! सातशे रुपये गेले. मामींनी फराळाच्या सामानासाठी ठेवलेले पैसे होते ते.

मामा काही अडाणी नव्हते. "सलग सहा छापे येणं फार अवघड," असं ते म्हणत होते, आणि ते खरंच आहे. सहा वेळा नाणं उडवलं तर छापा-काट्याचे एकूण ६४ वेगवेगळे क्रम होऊ शकतात. त्यातला फक्त एकच सगळ्या छाप्यांचा. म्हणजे शक्यता ६४ मध्ये १.

मग चूक कुठे झाली? मामांनी पैसे लावले तेव्हा पाच छापे येऊन गेले होते. त्या ६४ पैकी आता दोनच क्रम शिल्लक राहिले होते: पाच छापे आणि मग छापा, किंवा पाच छापे आणि मग काटा. या दोन्हींची सुरुवातीची शक्यता सारखीच, ६४ मध्ये १. दोघेही तितकेच दुर्मिळ. म्हणून सहाव्या फेकीला काटा येण्याची शक्यता निम्मी, आणि छाप्याचीही निम्मीच. जे दुर्मिळ होतं ते घडून गेलं. पुढची फेक पहिल्यासारखीच साधी. नाण्याला मागचं काही आठवत नाही.

आता तुम्ही विचाराल, "पण शेवटी छापा-काटा निम्मे निम्मे होतात ना? मग कधीतरी काट्याने भरपाई करायला नको?" इथेच बहुतेक जण फसतात. समजा त्या पाच छाप्यांनंतर आपण नाणं आणखी १००० वेळा उडवलं. त्यात साधारण ५०० छापे आणि ५०० काटे येतील असं धरू. एकूण १००५ फेकींत छापे ५०५. प्रमाण झालं सुमारे ५०.२ टक्के. बघा, काटा एकदाही जास्त आला नाही, पाच छाप्यांची आघाडी तशीच राहिली, तरी प्रमाण निम्म्याजवळ आलं. वाटीभर पाण्यात चिमूटभर मीठ खारट लागतं, हंडाभर पाण्यात लागत नाही. मीठ कुणी काढून घेतलेलं नसतं.

ही चूक फक्त मामांची नाही. १८ ऑगस्ट १९१३ रोजी मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटच्या चक्रावर ओळीने २६ वेळा काळा रंग आला. काळा येत राहिला तसे लोक लालवर जास्त जास्त पैसे लावत गेले, आणि लाखो फ्रँक हरले. त्या चक्रावर ३७ घरं, त्यातली १८ लाल. पहिल्या फेरीला लालची शक्यता ३७ मध्ये १८ होती आणि सव्विसाव्यालाही तेवढीच.

पण एक सांभाळा. मागचं कधीच मोजायचं नाही, असं मी म्हणत नाही. हाउजीत एकदा काढलेला आकडा परत पिशवीत जात नाही. ९० पैकी ६० आकडे निघाले की तुमच्या राहिलेल्या आकड्याची शक्यता पुढच्या खेपेला ३० मध्ये १ होते. सुरुवातीला ती ९० मध्ये १ होती. इथे पिशवी खरोखर बदलली आहे. तसंच, सलग वीस वेळा छापा आला तर नाणं हातात घेऊन उलटंसुलटं करून बघा, दोन्हीकडे छापा तर नाही ना! नाण्यात खोट असेल तर पुढेही छाप्याचीच शक्यता जास्त. मामांच्या अंदाजाच्या अगदी उलट.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, घरी करून बघा. नाणं २०० वेळा उडवा आणि निकाल ओळीने लिहा. मग जिथे जिथे लागोपाठ तीन छापे दिसतील, त्याच्या पुढे काय आलं ते मोजा. अशा जागा साधारण पंचवीसेक सापडतील. त्यातल्या निम्म्याच्या आसपास ठिकाणी काटा असेल, बाकी ठिकाणी पुन्हा छापा.

म्हणून "आता तरी आपला नंबर लागेल" असं वाटलं, की खिशात हात घालण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: आधी जे झालं त्याने नाणं बदललं का, पिशवी बदलली का? नसेल, तर हात तसाच बाहेर काढा. भेटू पुढच्या भागात.