पिवळी बादली कुणाची?

फेब्रुवारी-मार्च आला की इंजिनिअरिंग कॉलेजांत सबमिशनच्या गडबडीतच सेंड-ऑफची तयारी सुरू होते. हॉल सजतो, समोशांची ऑर्डर जाते आणि आदल्या रात्री तिसऱ्या वर्षाच्या कुणाच्या तरी लक्षात येतं की ज्युनिअर्सतर्फे बोलायचं कुणी, हे ठरलेलंच नाही. मग होस्टेलच्या खोलीत चौघं बसून भाषण लिहितात. भाषण बिघडतं ते इथेच, कारण चौघांना हसू आलं की हॉलही हसेल असं त्यांना वाटतं.

हॉलमध्ये मात्र चौघंच नसतात. पुढच्या रांगेत विभागप्रमुख, मागे दुसऱ्या वर्षाची मुलं, दाराशी लॅबमधले काका. सीनियर्सही एकसारखे नसतात. काही होस्टेलचे, काही रोज लोकलने येणारे, काही डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेले. पहिल्या वर्षाचा किस्सा सांगितला की हे डिप्लोमावाले शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसतात.

समजा, भाषणात वाक्य आहे : ‘आणि पिवळ्या बादलीचं प्रकरण तर आम्ही जन्मात विसरणार नाही!’ एका कोपऱ्यात हशा उसळतो, बाकीचा हॉल त्या कोपऱ्याकडे वळून बघतो. अशा माना वळल्या की समजावं, विनोद फसला. किस्सा वाईट नव्हता. तो सांगितलाच गेला नाही, त्याच्याकडे फक्त बोट दाखवलं गेलं.

हाच किस्सा असा सांगून बघावा. ‘आमच्या होस्टेलला पाणी सकाळी सहा ते सात. म्हणून दादा रात्रीच आपली पिवळी बादली नळाखाली नंबरात लावून झोपायचा. सकाळी बादली पहिल्या नंबरावर असायची. दादा नसायचा.’ आता लॅबमधले काकाही हसतात. पाण्याची वेळ, बादली आणि झोपाळू दादा एवढंच ऐकणाऱ्याला हवं होतं, आणि ते हशाच्या आधी मिळालं. हशा झाल्यावर ‘म्हणजे काय झालं होतं, की...’ असं समजावत बसणं म्हणजे चहा पिऊन झाल्यावर साखर घालणं.

एकदा पेरलेली बादली पुढे पुन्हा वापरता येते. दोन मिनिटांनी वक्ता म्हणतो, ‘दादा आता नोकरीला लागतोय. तिथे अंगठा लावून हजेरी आहे. बादली ठेवून चालणार नाही.’ या वेळी काहीच समजावून सांगावं लागत नाही, कारण तो किस्सा आता सगळ्या हॉलचा झालेला असतो. पाच मिनिटांच्या भाषणात असे दोन-तीन किस्से पुरतात. बारा किस्से कोंबले तर बाराही अर्धवट राहतात.

दुसरं हमखास खाद्य म्हणजे जीटी, अर्थात ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांवर काच ठेवायची, खाली दिवा लावायचा, काचेवर सीनियरची ड्रॉइंग शीट आणि तिच्यावर आपला कोरा कागद. एवढं सांगितलं की ‘आम्ही तुमच्याकडून सगळं शिकलो, तुमच्या चुकीच्या रेघांसकट’ हे वाक्य कुणालाही कळतं. शिवाय हसू येतं ते नक्कल करणाऱ्या ज्युनिअरचं. वयाने लहान माणसाने मोठ्यांची थट्टा करायची तर टपली आधी स्वतःला मारलेली बरी. अर्थात, ड्रॉइंगचे सर पुढेच बसलेले असतील तर शीट नेमकी कुणाची, हे बोलू नये!

फिशपॉन्ड, ज्याला जुनी मंडळी शेलापागोटे म्हणतात, त्याची सवय इथे घात करते. फिशपॉन्डची चिठ्ठी निनावी असते, तिचा बोचरेपणाही त्या खेळाचाच भाग. निरोपाच्या भाषणात माईकसमोर एक नाव असलेला माणूस उभा असतो, आणि ज्याच्यावर बोललं जातं त्याला तिथे उत्तर देता येत नाही. म्हणून कुणाच्या केट्या किती, कुणाचं कुणाशी जुळलं नि तुटलं, कुणाची बोली गावाकडची, हे वगळलेलंच बरं. विनोद सवयीवर असावा, उणिवेवर नाही. दादाची झोप चालते, त्याचा राहिलेला विषय चालत नाही.

आपुलकीसाठीही वेगळा परिच्छेद लागत नाही. ‘तुम्ही आमचे आधारस्तंभ आहात’ हे वाक्य कुठल्याही कॉलेजात, कुठल्याही वर्षी खपतं, म्हणून ते कुणालाच लागत नाही. त्याऐवजी शेवटी वक्ता एवढंच म्हणू शकतो : ‘दादा, जाताना बादली इथेच ठेव. नंबर आम्ही लावतो.’

फक्त हा किस्सा सांगू का, हे दादाला आदल्या दिवशी विचारून घ्यावं. तो बहुधा हो म्हणतो, आणि वर एक दुरुस्तीही सुचवतो : पाणी सहाला नाही, साडेपाचला यायचं.