वाफ कुठे हितकर, कुठे घातक?

चिंचपाड्यातील आमच्या स्वयंपाकघरात ओट्यामागच्या चकचकीत टाइल्सवरील तेलकट थर स्टीम क्लीनरने सहज निघाला. टाकीतील पाणी उकळते आणि तोटीतून सुटणारी वाफ चिकटा सैल करते. तो तत्काळ कापडाने टिपावा, अन्यथा थंड होऊन पुन्हा चिकटतो.

त्याच उत्साहात कपाटाचे दारही वाफेने पुसले. कडेच्या फटीतून वाफ शिरली, गोंद मऊ झाला, लॅमिनेट सुटले. आतील भुशाचा बोर्ड फुगला, तो वाळल्यावरही पूर्ववत झाला नाही. जोडकामावर म्हणूनच वाफ नको.

दगडी फरशीवर आधी पाण्याचा थेंब टाकावा. तो मुरून डाग गडद झाला, तर तेथेही वाफ टाळावी. थंड काच वाफेने तडकू शकते.

आणि वाफेपूर्वी कोपरे हळुवार झाडावेत. तेथील सूक्ष्म जीव भाजू नयेत.