कमी दुखतंय, म्हणून कमी भाजलंय असं नाही

घरात कुणी भाजलं किंवा पोळलं की आपण दोन गोष्टींवरून अंदाज बांधतो: किती लाल झालंय आणि किती दुखतंय. मूल किंचाळत असेल तर धावपळ उडते. ते शांत झालं की 'चला, फार नाही लागलेलं' म्हणत सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. या दुसऱ्या अंदाजानंच घात होतो. भाजण्याची खोली एका मर्यादेपलीकडे गेली की वेदना वाढत नाही, उलट कमी होते. म्हणून जखमेत नेमकं काय पाहायचं, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असायला हवं.

आपल्या त्वचेचा वरचा थर अगदी पातळ असतो आणि त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याखालचा थर जाड असतो. बारीक रक्तवाहिन्या, वेदना कळवणाऱ्या नसा, घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळं याच थरात असतात. त्याच्याखाली चरबी. गवत वरून जळालं तरी मुळं शाबूत असली की पुन्हा उगवतं, तशीच नवी त्वचा या केसांच्या मुळांपासून आणि घामाच्या ग्रंथींपासून वर येते. त्यामुळे भाजलेली जागा आपोआप भरणार की नाही, हे खालच्या थरातलं किती काही वाचलं यावर ठरतं.

फक्त वरचा थर भाजला असेल तर जागा लाल, कोरडी आणि हुळहुळी होते, पण फोड येत नाही. उन्हानं त्वचा जळते ती अशी. आठवडाभरात ती बरी होते, व्रणही राहत नाही.

खालच्या थराचा वरचा भाग भाजला की फोड येतात. फोड फुटला तर आतली जागा गुलाबी आणि ओलसर दिसते, त्यातून पाणी पाझरतं. नसांची टोकं उघडी पडलेली असल्यामुळे वारा लागला तरी असह्य आग होते. ही जागा स्वच्छ बोटानं हलकेच दाबली तर क्षणभर पांढरी पडते आणि बोट उचलताच पुन्हा गुलाबी होते. याचा अर्थ तिथल्या रक्तवाहिन्या अजून वाहत्या आहेत. अशी जखम नीट जपली तर साधारण दोन आठवड्यांत भरते.

त्याच थराच्या तळापर्यंत भाजलं की चित्र बदलतं. जागा एकसारखी गुलाबी दिसत नाही. कुठे पांढुरकी, कुठे गडद लाल असे डाग दिसतात. दाबल्यावर रंग फारच सावकाश परततो, किंवा लाल डाग दाबूनही लालच राहतो, कारण रक्त वाहिन्यांमध्ये गोठलेलं किंवा बाहेर झिरपलेलं असतं. इथे नसाही मेलेल्या असतात, म्हणून वेदना बोथट होते. भरायला तीन आठवड्यांहून जास्त वेळ लागतो आणि जाड, आखडणारा व्रण राहतो.

त्वचेची पूर्ण जाडी जळली तर जागा मेणासारखी पांढरी, तपकिरी किंवा काळी पडते. हाताला चामड्यासारखी कडक लागते, दाबून रंग बदलत नाही आणि त्या जागेवर स्पर्श कळत नाही. ही जखम लहानशी असेल तरच कडेनं भरत येते. मोठी असेल तर दुसरीकडची त्वचा काढून तिथे लावावी लागते.

वाचताना या चार पायऱ्या स्वच्छ वेगळ्या वाटतात. प्रत्यक्षात एकाच जखमेत त्या शेजारी शेजारी असतात, आणि पहिल्या दिवशी अनुभवी डॉक्टरांचाही अंदाज चुकू शकतो. याचं कारण १९५३ मध्ये डग्लस जॅक्सन या ब्रिटिश शल्यविशारदांनी मांडलं. भाजलेल्या जागेच्या मध्याशी पेशी मेलेल्या असतात. तिच्याभोवती एक पट्टा असा असतो की त्यातल्या पेशी जिवंत असतात, पण त्यांचा रक्तपुरवठा मंदावलेला असतो. हा पट्टा वाचणार की मरणार, हे पुढच्या दोन-तीन दिवसांत ठरतं. जखम थंड केली नाही, अंगातलं पाणी कमी झालं किंवा जंतुसंसर्ग झाला, तर सोमवारची गुलाबी जागा गुरुवारी पांढरी पडलेली दिसते. म्हणूनच ४८ ते ७२ तासांनी जखम पुन्हा पाहावी लागते.

सावळ्या त्वचेवर आणखी एक अडचण येते. वरचा रंगद्रव्याचा थर शाबूत असेल तर लाली नीट दिसतच नाही. अशा वेळी जागा गरम लागते का, सुजली आहे का, हात लावताच दुखते का, हे पाहावं. फोडाची साल निघालेली असेल तिथे मात्र खालचा रंग कुणाच्याही अंगावर स्पष्ट दिसतो.

एक उदाहरण घेऊ. दीड वर्षाचं मूल आहे, वजन सुमारे १० किलो. टीपॉयवरचा ताज्या चहाचा कप त्यानं ओढला. अंगात लोकरीचा स्वेटर. ६० अंश सेल्सिअसचं पाणी मोठ्या माणसाची त्वचा साधारण पाच सेकंदांत खोलवर पोळतं. नुकताच ओतलेला चहा त्याहून गरम असतो आणि मुलाची त्वचा कितीतरी पातळ. शिवाय भिजलेला स्वेटर उष्णता अंगाशी धरून ठेवतो. म्हणून पहिलं काम म्हणजे तो स्वेटर काढणं. कापड त्वचेला चिकटलं असेल तर ओढायचं नाही, त्याच्याभोवती कापायचं. गळ्यातला दोरा, हातातली वाळी सूज येण्याआधीच काढायची.

मग पोळलेल्या जागेवर नळाचं साधं वाहतं पाणी २० मिनिटं सोडायचं. वीस मिनिटं फार मोठी वाटतात, पण आत शिरलेली उष्णता तेवढ्यानंच बाहेर येते. उशीर झाला असला तरी तीन तासांच्या आत हे केल्यानं फायदा होतो. बर्फ लावायचा नाही, कारण त्यानं आधीच मंदावलेला रक्तपुरवठा आणखी आखडतो. लहान मूल लवकर गारठतं, म्हणून पाणी फक्त पोळलेल्या भागावर आणि बाकीचं अंग टॉवेलात.

आता मुलाकडे नीट पाहू. गालावर नुसती लाली आहे. छातीवर आणि उजव्या खांद्यावर फोड आहेत, त्यातला एक फुटलाय. आत गुलाबी, ओलसर, आणि कपडा लागताच मूल कळवळतं. गळ्याच्या घडीत मात्र चहा साचला होता. तिथे गडद लाल पट्टा आहे. तो दाबून पांढरा होत नाही आणि तिथे हात लावला तर मूल फारसं हलतही नाही. आईला छातीची जखम भयंकर वाटेल, पण खरी काळजी गळ्यातल्या त्या मुकाट पट्ट्याची आहे.

आता जागा किती, ते मोजायचं. मुलाचाच तळहात, मिटलेल्या बोटांसकट, म्हणजे त्याच्या शरीराचा साधारण एक टक्का. छातीवर तीन तळहात, खांद्यावर एक, गळा आणि हनुवटी मिळून दीड: एकूण साडेपाच टक्के. गालावरची नुसती लाली या हिशेबात धरायची नाही. मुलांमध्ये पाच टक्के आणि मोठ्यांमध्ये दहा टक्के ओलांडले की रुग्णालय गाठायचं. भाजलेल्या जागेतून रक्तातलं पाणी पाझरत राहतं. मुलांमध्ये दहा टक्क्यांच्या आणि मोठ्यांमध्ये पंधरा टक्क्यांच्या पुढे ते शिरेतून भरून काढावं लागतं, नाहीतर रक्तदाब कोसळतो.

या मुलाला त्याच दिवशी, शक्यतो भाजलेल्यांचा वेगळा विभाग असलेल्या रुग्णालयात न्यायला हवं. टक्के पाचच्या वर आहेत, गळा आणि हनुवटी पोळली आहे आणि एक पट्टा खोल आहे. गळ्याचा व्रण आखडला तर हनुवटी छातीकडे ओढली जाते, म्हणून तिथे त्वचा लावायची की नाही हा निर्णय वेळेत व्हावा लागतो. मुलानं गरम चहाचा घोट घेतला असेल, लाळ गळत असेल किंवा आवाज बसला असेल, तर श्वासाची वाट सुजत आहे असं समजून क्षणही घालवू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. मुंबई परिसरातल्यांना ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर माहीत असावं.

जाताना जखमेवर स्वच्छ प्लास्टिकची पातळ फिल्म किंवा धुतलेलं सुती कापड सैलसर ठेवावं. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप यांतलं काहीच नको. यानं जखमेचा रंग झाकला जातो, आणि डॉक्टरांना निर्णय घ्यायचा असतो तो बराचसा रंगावरूनच. औषधाच्या दुकानात मिळणारं पांढरं सिल्व्हर सल्फाडायझिन मलमही डॉक्टरांनी जखम पाहण्याआधी लावू नये. त्याचा पांढुरका पापुद्रा बसतो आणि तो खोल जखमेसारखा दिसतो.

काही प्रसंगांत जखम कितीही लहान दिसली तरी रुग्णालय टाळता येत नाही. विजेचा झटका हा त्यातला सर्वांत फसवा. बोटावर वाटाण्याएवढा काळा डाग असतो, पण वीज स्नायूंमधून गेलेली असते. हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि लघवी चहाच्या रंगाची झाली तर मूत्रपिंडांना धोका असतो. बंद खोलीतल्या आगीतून बाहेर आलेल्या माणसाच्या नाकात काजळी असेल, नाकातले केस जळालेले असतील, आवाज घोगरा झाला असेल, तर अंगावर चटका नसला तरी आतून श्वासमार्ग भाजलेला असू शकतो. हात, पाऊल, बोट किंवा छाती गोलाकार वेढून भाजली असेल तर कडक झालेली त्वचा सुजेबरोबर आवळत जाते आणि पुढचा रक्तपुरवठा किंवा श्वास अडतो. चेहरा, हात, पावलं, जननेंद्रियं आणि सांधे इथली जखम, रसायनांनी झालेली जखम, गरोदर बाई, तान्हं बाळ आणि वृद्ध हेही याच यादीत येतात. मधुमेह्यांच्या पावलांना तर आधीच संवेदना कमी असते. शेकण्याच्या पिशवीनं तळवा भाजतो आणि दुसऱ्या दिवशी मोज्याला डाग दिसेपर्यंत कळत नाही.

घरी सांभाळण्याजोगं भाजणं मग कोणतं? रुग्णाच्या तळहाताहून लहान, वरच्या यादीत न बसणारं, गुलाबी, ओलसर, दुखणारं आणि दाबल्यावर रंग परतणारं. फोड फोडायचे नाहीत, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारायचं आणि तिसऱ्या दिवशी जखम चांगल्या उजेडात पुन्हा पाहायची. तोवर ती पांढरी, कोरडी किंवा बधिर झाली, ताप आला, भोवतालची लाली पसरू लागली, तर घरचे उपचार थांबवून दाखवायला न्यायची. आणि दोन आठवडे उलटूनही जी भरली नाही, ती पहिल्या दिवशी वाटली त्याहून खोल होती असं धरून प्लास्टिक सर्जनना दाखवायची. मग ती दुखत असो वा नसो.