सप्टेंबरचा प्रश्न, एप्रिलचा लेख

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्याआधी ३१ जुलैपर्यंत लेखापरीक्षण उरकायचं असतं आणि सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी सभासदांना द्यायची असते. म्हणून जुलै लागला की सोसायट्यांचे सचिव आणि खजिनदार, जे एरवी आपापल्या नोकरी-धंद्यात असतात, रात्रीची जेवणं झाल्यावर मोबाइल घेऊन बसतात. नोटिशीचा नमुना कुठे मिळेल, गणपूर्ती झाली नाही तर पुढे काय, हिशेब मंजूरच झाले नाहीत तर? हे सगळे प्रश्न गूगलला विचारले जातात, आणि ते दरवर्षी त्याच सुमारास विचारले जातात.

सोसायट्यांना सल्ला देणारी छोटी कार्यालयं पुण्या-मुंबईत आणि ठाण्यात बरीच आहेत. त्यातल्या अनेकांची वेबसाइट असते, तिच्यावर ब्लॉग नावाचा कोपराही असतो. वार्षिक सभेवरचा लेख तिथे टाकायची आठवण मात्र होते सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, कारण तेव्हा फोन वाजू लागलेले असतात. लेख चांगला असतो, पण तो गूगलच्या नजरेत भरेपर्यंत सभा होऊन इतिवृत्तही लिहून झालेलं असतं.

नव्या पानाला शोधात जागा मिळायला वेळ लागतो. वेबसाइटवर केलेल्या सुधारणांचा फायदा दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते वर्ष जातं, असं गूगलच्याच एका तज्ज्ञाने २०१७ मध्ये व्यावसायिकांना सांगितलं होतं.  सप्टेंबरमध्ये विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचं उत्तर एप्रिलपर्यंत वेबसाइटवर असायला हवं. मजकुराचं वार्षिक वेळापत्रक लागतं ते या उलट्या मोजणीसाठी. ‘दर सोमवारी एक पोस्ट’ हा संकल्प आहे. त्याला वेळापत्रक म्हणता येत नाही.

ते बसतं कसं हे पाहायला पुण्यातलं एक काल्पनिक कार्यालय घेऊ. दोन सल्लागार, एक मदतनीस. कामं मुख्यतः तीन: मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बोलीभाषेतलं डीम्ड कन्व्हेयन्स, पुनर्विकासात सोसायटीच्या बाजूने सल्ला, आणि रोजचा कारभार, म्हणजे सभा, हिशेब, शुल्कं, तक्रारी. लिहिण्यासाठी महिन्याला जेमतेम दोन दिवस काढता येतात. एवढ्या वेळात एक नवा लेख आणि एका जुन्या लेखाची दुरुस्ती होते. म्हणजे वर्षाला बारा नवे लेख. आकडा लहान वाटतो, पण बारा लेख नीट निवडले तर पुरतात.

निवड करायला आधी प्रश्न गोळा करावे लागतात, आणि ते फुकट मिळतात. मदतनिसाने फोनजवळ एक वही ठेवायची आणि येणारा प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्या शब्दांत लिहायचा. कार्यालय ‘बिनभोगवटा शुल्क’ म्हणत असेल, पण समोरचा म्हणतो, ‘फ्लॅट भाड्याने दिला तर सोसायटी जास्त मेंटेनन्स घेऊ शकते का?’ गूगलमध्येही तो तेच टाइप करतो, अनेकदा रोमन लिपीत: `flat bhadyane dila tar maintenance`. मग हाच प्रश्न शोधपट्टीत अर्धवट टाइप करून खाली कोणत्या सूचना येतात ते पाहायचं. ‘गूगल ट्रेंड्स’मध्ये प्रदेश महाराष्ट्र ठेवून विषय तपासला की तो वर्षभर सपाट चालतो की ठरावीक महिन्यांत उसळतो तेही दिसतं. शोध फारच कमी असले तर आलेख रिकामा राहतो, पण म्हणून तो प्रश्न कोणी विचारतच नाही असं समजू नये. वहीत तो चारदा आला असेल तर वहीवर विश्वास ठेवावा.

आता वाटणी. वार्षिक सभा, लेखापरीक्षण, नोटीस हे मोसमी विषय जानेवारी ते एप्रिल या काळात लिहून टाकायचे. कन्व्हेयन्स आणि पुनर्विकास यांना मोसम नसतो. ते मे ते डिसेंबरमध्ये पसरायचे. त्यातले ऑगस्ट-सप्टेंबरचे लेख आधीच लिहून ठेवलेले बरे, कारण तेव्हा कार्यालयात कुणाला लिहायला सवड नसते. प्रत्येक लेखाची एक ओळ एक्सेलमध्ये जाते: मूळ प्रश्न, लोक टाइप करतात ते शब्द, पानाचा पत्ता, लिहिणारा कोण, कायदा तपासणारा कोण, प्रसिद्धीची तारीख आणि पुन्हा तपासण्याची तारीख. शेवटचा रकाना बहुतेक जण ठेवतच नाहीत, आणि ब्लॉग शिळा होतो तो त्यामुळेच.

पानाच्या पत्त्यात साल घालू नये, हे इथे सांगायला हवं. `/agm-notice-2025/` असा पत्ता ठेवला की पुढच्या वर्षी नवं पान काढावं लागतं आणि जुन्याने कमावलेली जागा वाया जाते. `/agm-notice/` ठेवलं तर तेच पान दरवर्षी मार्चमध्ये तपासून सुधारता येतं. मजकूर न बदलता वरची तारीख तेवढी बदलायची युक्ती काही जण करतात. पान ताजं भासवायला असं करता का, हा प्रश्न गूगलच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्टच विचारलेला आहे. लेख अमुक शब्दांचा असला की गूगलला आवडतो, ही समजूतही त्याच सूचनांत खोडून काढली आहे.

सोसायटीच्या विषयांत दुरुस्तीला खरंच कारण असतं. पुनर्विकासासाठी ३ जानेवारी २००९ चा शासन निर्णय होता. ४ जुलै २०१९ च्या निर्णयाने त्याची जागा घेतली. अशा वेळी बातमीसारखी नवी पोस्ट टाकून जुना लेख तसाच सोडला तर वाचक जुन्यावर येतो आणि चुकीचा नियम घेऊन सभेत उभा राहतो. बदल जुन्याच पानात करायचा, आणि काय बदललं ते पहिल्याच परिच्छेदात सांगायचं.

कोणता लेख गर्दी आणतो आणि कोणता काम आणतो, हा वेगळा हिशेब आहे. बिनभोगवटा शुल्काचंच बघू. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. हा विषय भरपूर शोधला जातो, पण ‘दहा टक्के’ हे उत्तर गूगल निकालांच्या वरच दाखवून मोकळं होतं आणि वाचक पुढे येतच नाही. जिथे आकडा पुरत नाही तिथून लेख सुरू झाला तर त्याला अर्थ आहे. समजा महिन्याचं बिल ३,६०० रुपयांचं आहे. त्यात सेवाशुल्क २,०००. बाकी मालमत्ता कर, पाणी, दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड. काही सोसायट्या एकूण बिलावर ३६० रुपये लावतात, प्रत्यक्षात मर्यादा २०० ची आहे. नमुना बिल समोर ठेवून हे दाखवणारा लेख वाचला जातो, पाठवलाही जातो.

तरीही दीडशे रुपयांसाठी भांडणारा फ्लॅटमालक सल्लागाराला फी देणार नाही. फी येते ती बिल्डरने जमीन नावावर न केलेल्या सोसायटीच्या समितीकडून. तिचा प्रश्न महिन्यातून थोडेच लोक शोधतात: जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज कुणी करायचा, बिल्डर कागद देत नसेल तर काय जोडायचं, आदेशानंतर नोंदणी कशी होते. बारापैकी निदान पाच लेख या थोड्या लोकांसाठी असावेत. यशाचं माप म्हणजे चौकशीचे फोन. ‘आमचा नंबर कुठून मिळाला?’ हे विचारून त्याच वहीत लिहिलं की ते माप घेता येतं.

अर्थात पाच लेख म्हणजे एकच लेख पाच वेळा नव्हे. ही चूक फार ब्लॉगांवर दिसते. ‘डीम्ड कन्व्हेयन्स म्हणजे काय’, ‘डीम्ड कन्व्हेयन्सची कागदपत्रं’, ‘डीम्ड कन्व्हेयन्सची प्रक्रिया’ अशी तीन पानं निघतात, तिन्हींत निम्मा मजकूर तोच. गूगलला यातलं कोणतं दाखवावं ते ठरवता येत नाही. कधी एक वर येतं, कधी दुसरं, आणि कुठलंच टिकत नाही. ओळखायचं कसं? गूगलचं ‘सर्च कन्सोल’ हे मोफत साधन उघडून कामगिरीच्या अहवालात तो शोधशब्द निवडायचा आणि पानांची यादी पाहायची. एकाच शब्दाला दोन-तीन पानं आळीपाळीने दिसत असली तर ती एकत्र करून एक भक्कम पान बनवायचं आणि बाकीचे पत्ते ३०१ रिडायरेक्टने त्याच्याकडे वळवायचे. वाचकाची स्थिती वेगळी असेल तरच वेगळं पान: अर्जापूर्वीची समिती आणि आदेश हाती पडलेली समिती यांना वेगवेगळी उत्तरं लागतात.

याच अहवालात दुरुस्तीचा क्रमही सापडतो. पान शोधात किती वेळा दिसलं, किती क्लिक झाले, सरासरी कितव्या जागी होतं, हे तिथे कळतं. नव्या पानाचं दिसणं आधी वाढतं, क्लिक मागून येतात. त्यामुळे दुसऱ्या महिन्यात क्लिक नाहीत म्हणून घाबरायचं कारण नसतं. आठव्या ते पंधराव्या जागेवर घुटमळणारी पानं आधी हाती घ्यावीत, कारण थोड्या कष्टाने ती वर येण्याची शक्यता असते. पान बरंच दिसतं पण क्लिक होत नाही, तर शीर्षक वाचकाच्या शब्दांत नाही असं बहुधा निघतं. आणि पान मुळीच दिसत नसेल तर ते गूगलच्या सूचीत आलं आहे का ते आधी पाहायचं. पाहिलं पण सूचीत घेतलं नाही, असा शेरा दिसला तर पानात इतरांहून वेगळं काही नाही, हे एक संभाव्य कारण असतं.

मोसमी विषयात मागच्या महिन्याशी तुलना फसवी ठरते. ऑक्टोबरमध्ये सभेच्या लेखाचे क्लिक कोसळतात. त्यात काही बिघडलेलं नसतं, सभा संपलेल्या असतात. तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करायची. सर्च कन्सोलमध्ये सोळा महिन्यांचीच माहिती राहते, म्हणून दर महिन्याला ती उतरवून एक्सेलमध्ये ठेवावी लागते. साधन वेबसाइटला जोडल्यापासूनच आकडे साठू लागतात. ज्या कार्यालयांनी ते अजून जोडलेलं नाही, त्यांनी पहिला लेख लिहायला घेण्याआधी ते जोडून टाकावं.