पाठांतर तुटते ते सांध्यावर

आठवीतल्या माझ्या भाचीला वक्तृत्व स्पर्धेसाठी पाच मिनिटांचे भाषण शब्दशः पाठ करायचे होते. साधारण साडेपाचशे शब्द. चार दिवस ती हातात कागद घेऊन येरझारा घालत वाचत होती आणि विचारले की म्हणायची, "मामा, येतंय सगळं." मी तिला मधल्याच एका वाक्यापासून पुढे म्हणायला सांगितले. ती थांबली, पहिल्या वाक्यापासून मनातल्या मनात पुटपुटत आली आणि वाटेतच अडकली.

तिची चूक सगळेच करतात. कागद समोर असताना प्रत्येक शब्द ओळखीचा वाटतो आणि ओळखीलाच आपण पाठांतर समजतो. कागद बाजूला ठेवल्यावर मात्र शब्द स्वतः शोधून आणावा लागतो. ही शोधाशोध घडते तेव्हाच तो पक्का होतो, नुसत्या वाचनाने ती घडतच नाही.

आम्ही भाषणाचे बारा तुकडे केले. तुकडा तीन-चार वाक्यांचा, आणि काप विचार जिथे वळतो तिथे. ओळी मोजून कापले तर अर्थ मधेच तुटतो. प्रत्येक तुकडा एकदा पाहून मोठ्याने वाचायचा, मग कागद पालथा घालून म्हणायचा, अडले तर अडलेला शब्द पाहून तोच तुकडा पुन्हा. सुरुवात आम्ही बाराव्या तुकड्यापासून केली. दर वेळी पहिल्यापासून म्हटले की आरंभ गुळगुळीत होतो आणि शेवट कच्चा राहतो. शेवटाकडून आले तर बोलताना आपण जास्त पक्क्या भागाकडे जात राहतो.

तिसऱ्या दिवशी बाराही तुकडे सुटे सुटे येत होते, सलग भाषण मात्र येत नव्हते. पाठांतराची खरी कमजोर जागा ही आहे. तुकड्याच्या आत एक शब्द दुसऱ्याला ओढून आणतो, पण तुकडा संपला की पुढचा कोणता, हे सांगणारे काहीच नसते. वेदपठणाच्या परंपरेत सांध्यांची ही काळजी फार बारकाईने घेतलेली आहे. क्रमपाठात पहिला शब्द दुसऱ्यासह, मग दुसरा तिसऱ्यासह, मग तिसरा चौथ्यासह म्हणतात. प्रत्येक मधला शब्द दोनदा येतो, एकदा मागच्याशी आणि एकदा पुढच्याशी बांधलेला. आम्ही तेच वाक्यांना लावले: एका तुकड्याचे शेवटचे वाक्य आणि पुढच्याचे पहिले, एवढीच जोडी. अकरा सांधे, प्रत्येक पाच-सहा वेळा.

मग गाळलेल्या जागा. तिच्या भाषणात एक वाक्य होते: "विहीर आटली तेव्हा आईने दोर जपून ठेवला, कारण पाणी परत येईल यावर तिचा विश्वास होता." पहिल्या दिवशी 'दोर' आणि 'विश्वास' खोडले. ते सहज आले, कारण अर्थच त्यांना आणून देतो. चुका होत होत्या त्या 'परत'च्या जागी 'पुन्हा' आणि 'कारण'च्या जागी 'म्हणून की' अशा. मनाला आशय नीट आठवतो आणि तो सांगायला जवळचा कुठलाही शब्द चालतो. म्हणून शब्दशः हवे असेल तर ज्यांना पर्याय आहे असेच शब्द मुद्दाम गाळावेत. दुसऱ्या दिवशी तेच खोडले. तिसऱ्या दिवशी प्रत्येक शब्दाचे फक्त पहिले अक्षर ठेवले: वि आ ते आ दो ज ठे... नंतर तुकड्यामागे एकच शब्द, आणि शेवटी कोरा कागद. दोनदा बिनचूक आल्याशिवाय पुढची पायरी नाही.

दुसरी गाळलेली जागा वेळेची. जर्मन संशोधक हर्मान एबिंगहाऊस यांनी निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करून 1885 मध्ये निष्कर्ष छापले. बारा अक्षरांची यादी आदल्या दिवशी सलग 68 वेळा म्हटल्याने जो फायदा झाला, तोच त्यांना तीन दिवसांत विभागलेल्या 38 वेळांत मिळाला. त्यामुळे आम्ही दिवसाला तीस मिनिटांपेक्षा जास्त बसलो नाही, पण सकाळी दहा मिनिटे आणि रात्री वीस असे तोडले. सकाळी पहिल्यांदा म्हणताना ती अडखळायची आणि वैतागायची. थोडे विसरल्यावर परत आणलेला शब्दच जास्त टिकतो, हे त्या क्षणी तिला पटवणे कठीण गेले.

नवव्या दिवशी कपड्यांच्या घड्या घालत तिने भाषण म्हटले आणि मोबाइलवर रेकॉर्ड केले. हात दुसऱ्या कामात असताना जे कच्चे असते ते उघडे पडते. रेकॉर्डिंग कागदाशी ताडले तर चार शब्द बदललेले निघाले आणि सातव्या-आठव्या तुकड्याचा सांधा निसटला होता. त्या रात्री तेवढेच केले, सगळे भाषण नाही.

मंचावर जाताना तिच्याजवळ कागद नव्हता. बाराही तुकड्यांचे पहिले शब्द मात्र तिला ओळीने पाठ होते. कुठे अडलीच, तर मागे न जाता पुढच्या तुकड्याचा पहिला शब्द उचलून चालू लागायचे, असे आमचे ठरले होते.